आवाज उतरलेला का होता, ते

पुणे

ति. आई-बाबांस,
शि. सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "आवाज का उतरलाय?" आणि मी "सर्दी झालीय" म्हणून वेळ मारून नेली. सर्दी नव्हती. ऑफिसातलं होतं, आणि फोनवर सांगायला गेलं की आई लगेच "सोडून दे ती नोकरी" म्हणते, म्हणून लिहिते आहे.

आमचं सीएचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि सरांची केबिन. माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली चौघं सरांनी ऑफिस काढलं तेव्हापासूनची. त्यांचं म्होरकेपण एका अकाउंटंट मॅडमकडे आहे. सकाळी अकराला आणि संध्याकाळी साडेचारला हे चौघं खाली टपरीवर चहाला जातात. आम्ही बाकीचे, म्हणजे मी, सीए होण्यासाठी आर्टिकलशिप करणारी पोरं आणि नवीन लागलेला टायपिस्ट, वरच असतो. चहाला बोलावत नाहीत याचं मला काही नाही. पण कोणत्या क्लायंटचा पत्ता बदलला, कोणाला नोटीस आली, सर पुढच्या आठवड्यात कुठे जाणार, हे सगळं त्या टपरीवरच बोललं जातं आणि तिथेच राहतं.

मध्यंतरी काय झालं ते सांगते. एका हार्डवेअरवाल्याची फाईल माझ्याकडे आहे. मागच्या महिन्याचं जीएसटीचं थ्री-बी रिटर्न २० तारखेच्या आत भरावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि भरायच्या राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. माझं काम आदल्या दिवशीच तयार होतं. फक्त शेवटी पोर्टलवरून ओटीपी जातो, तो क्लायंटने सांगितला की रिटर्न दाखल होतं. २० तारखेला दुपारपासून पोर्टल अडखळत होतं. चारच्या सुमारास ओटीपी पाठवला, शेठजींना फोन लावला, फोन बंद. पुन्हा लावला, बंदच. दुकानाचा फोन कोणी उचलेना. साडेसहाला माझी धावपळ बघून मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अगं, ते चारधामला गेलेत. धंदा आता मुलगा बघतो. पोर्टलवर नंबर पण त्याचाच टाकलाय मागच्या महिन्यात. तुला माहीत नाही?" त्यांनी मुलाला फोन लावला, दोन मिनिटांत ओटीपी आला, रिटर्न गेलं. सर केबिनमधून बाहेर आले तेव्हा मॅडम हात झटकत होत्या. सर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "क्लायंटशी संपर्क ठेवत जा."

नंबर बदलायचं काम मॅडमनीच केलं होतं आणि फाईल माझी होती. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही, ते हे.

पण आई, मी नुसती कुढत बसले नाही. मुद्दाम होतंय की विसरून, हे आधी कळायला हवं होतं. मध्ये सर लग्नासाठी चार दिवस बाहेरगावी गेले. त्या चार दिवसांत मॅडमनी मला मागितलं ते सगळं दिलं, न मागता एका क्लायंटचा नवा ईमेलसुद्धा सांगितला. सर परत आले आणि पुन्हा तोंडाला कुलूप. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना माझ्याशी वैर नाही. अडलेलं काम सरांच्या डोळ्यांदेखत सोडवायला मिळावं, एवढंच त्यांना हवं असतं. त्यांच्याकडे डिग्री नाही, पगारवाढ नावापुरती, आणि दरवर्षी माझ्यासारखी कोणीतरी नवं सॉफ्टवेअर शिकून येते. क्लायंटची माहिती हीच त्यांची ठेव आहे. बाबा, आपल्याकडे उसाला तोड कधी येणार हे कारखान्याच्या चिटबॉयला माहीत असतं आणि तो पारावर बसून ठरावीक लोकांनाच सांगतो, अगदी तसंच. तुम्ही त्याच्याशी कधी भांडला नाहीत. सरळ गट ऑफिसात जाऊन नोंदवहीत आपला नंबर बघून यायचात.

मीही नोंदवही शोधायला लागले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या प्रत्येक क्लायंटला मीच फोन करते. विक्रीचे आकडे मागायच्या निमित्ताने विचारते, "ओटीपी याच नंबरवर येतो ना? वीस तारखेला गावात आहात ना?" उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहिते. १४ तारखेला पोर्टलवर टू-बी तयार होतं, म्हणजे कोणत्या व्यापाऱ्याने आपल्या क्लायंटची बिलं दाखवली याची यादी. कोणाची राहिली ते त्यावरून कळतं. ती मी स्वतः काढते, कोणी सांगायची वाट बघत नाही.

डिजिटल सहीच्या टोकनचं मात्र अवघड होतं. कंपन्यांची रिटर्नं ओटीपीवर जात नाहीत, त्याला पेन ड्राइव्हसारखं ते टोकन लागतं. आमच्याकडे क्लायंटची टोकनं मॅडमच्या ड्रॉवरमध्ये असतात आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. (खरं तर ज्याची सही त्याच्याकडेच टोकन असायला हवं, पण ते कोण पाळतं.) तोंडी मागितलं की "शोधते" म्हणायच्या आणि दिवस जायचा. आता मी १७ तारखेला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, "मॅडम, १९ ला सकाळी या दोन कंपन्यांची टोकनं लागतील, फायली तयार आहेत." ग्रुपमध्ये सर आहेत. तक्रारीचा शब्दही नाही, पण १९ ला सकाळी टोकनं टेबलावर असतात. पहिल्यांदा टाकलं तेव्हा मॅडम दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग मी संध्याकाळी ग्रुपवरच लिहिलं, "मॅडमनी वेळेवर टोकन दिल्यामुळे दोन्ही रिटर्नं गेली." सरांनी अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी बोलायला लागल्या. यात माझा थोडा लबाडपणा आहे हे मला माहीत आहे, पण खोटं काहीच नाही.

आर्टिकलच्या पोरांना मी माझ्याकडचं सगळं सांगते. तीच पोरं बँकेत, जीएसटी ऑफिसात चकरा मारतात, आणि येताना बातमी घेऊन आधी माझ्या टेबलाशी येतात.

सगळं सुटलं असं नाही हो. मार्च सरला की बँकांच्या शाखांचं ऑडिट येतं. बाहेरगावी जायचं, राहणं-खाणं आणि वर भत्ता. कोण जाणार ते टपरीवर ठरतं आणि सर मान डोलावतात. यंदाही मला नेलं नाही. वाईट वाटलं ते पैशांचं नाही. शाखेचं ऑडिट हाताखालून गेल्याशिवाय पुढे चांगल्या ठिकाणी कोणी विचारत नाही. सरांना मी सरळ म्हटलं, पुढच्या वर्षी एका तरी शाखेला मला न्या. ते "बघू" म्हणाले. पुढच्या एप्रिलपर्यंत वाट बघेन, तेव्हाही "बघू"च असेल तर दुसरीकडे अर्ज करेन. त्यासाठी आत्तापासून थोडं शिकून ठेवते आहे. एका मैत्रिणीच्या ऑफिसात हे काम चालतं, ती रविवारी कर्जखात्यांची फाईल कशी तपासतात ते समजावते.

आता गणपतीचं. टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर, त्यामुळे त्या दिवसांत रजा म्हणजे चौघांचं आधी आणि उरली तर आमची. म्हणून या वेळी मी रजेचा अर्ज आत्ताच लेखी दिलाय, आणि त्याला जोडून जायच्या आधी कोणत्या फायली पुऱ्या करून ठेवणार त्यांची यादी. सरांनी त्यावर सही केली आहे. त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. बाबा, स्टँडवर यायची घाई करू नका, गाडीची वेळ मी आदल्या दिवशी कळवेन. आणि आई, "सोडून दे" हे पुढच्या एप्रिलपर्यंत तरी म्हणू नकोस.

तुमची,
धाकटी