एकादशी आणि चेरीचा केक

श्टुटगार्ट
आषाढ वद्य द्वितीया

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, खोकला गेला. परवा फोनवर तू विचारलंस, "एकादशी केलीस ना, की तिथल्या लोकांच्या नादानं मोडलीस?" केली गं. बारशीला सकाळी वरणभात करून सोडलीसुद्धा. पण तुझा तो "की" मला लागला, म्हणून सविस्तर लिहितेय. फोनवर बाबा मागून हवामान विचारत राहतात आणि सगळं राहून जातं.

इथली एक तऱ्हा तुला कितीदा सांगितली तरी खोटी वाटेल. ज्याचा वाढदिवस, त्यानंच केक आणायचा! आपण वर्गणी काढून, चोरून मेणबत्त्या लावून चकित करतो, तसं इथे काही नाही. वाढदिवसाच्या आदल्या रात्री तो माणूस स्वतः घरी भट्टी लावून बसतो, सकाळी डबा सांभाळत ट्रेननं येतो आणि सगळ्यांना मेल करतो, दहा वाजता स्वयंपाकघरात या. आदल्या दिवशी शुभेच्छा मात्र चुकूनही द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. म्हणजे केक नाकारला की दुकानाचा माल नाकारला असं होत नाही, त्या माणसाचं रात्रीचं जागरण नाकारल्यासारखं होतं.

गेल्या मार्गशीर्षात पहिल्यांदा माझी फजिती झाली. गुरुवार होता. "पोट बिघडलंय" असं ठोकून दिलं. झालं! एकीनं कॅमोमाइलचा चहा केला, दुसऱ्यानं स्वीबाक म्हणजे आपल्या टोस्टसारखे पाव आणून दिले, साहेबांनी घरी जाऊन झोपायला सांगितलं. पुढचे दोन दिवस जो तो पोटाची चौकशी करत होता. इतक्या मायेनं विचारत होते की माझी मलाच लाज वाटली. (टोस्ट खाल्ले नाहीत, खणात ठेवले.)

या वेळी आषाढीलाच शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा वाढदिवस आला. म्हणून आदल्या दिवशी दुपारी, त्या एकट्या असताना, त्यांना गाठलं. शुभेच्छा दिल्या नाहीत! "उपास" हा शब्द आधी काढलाच नाही, कारण तो काढला की यांना रमझान तरी आठवतो, नाहीतर ईस्टरपूर्वीचे दिवस. सरळ म्हटलं, "उद्या मी धान्य खात नाही, लहानपणापासूनचा नेम आहे. फळं, बटाटा, दूध चालतं. तुमच्या केकशी याचा काही संबंध नाही." त्यांनी काळजीनं विचारलं, "पाणी तरी?" पाणी चालतं म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. केक ब्लॅक फॉरेस्टचा होता. त्यांनीच सांगितलं की त्यात चेरीची दारू आहे, आणि क्रीम घट्ट राहायला जिलेटिन. म्हणजे एकादशी नसती तरी मला चाललाच नसता. पण ते तेव्हा बोलले नाही, एका वेळी एकच कारण पुरे.

दुसऱ्या दिवशी टाळून बसले नाही, उलट लवकर गेले, बश्या मांडल्या, गाणं म्हटलं. बाकीच्यांच्या हातात वाइन, माझ्या हातात सफरचंदाचा रस आणि सोडा. पेला भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, पेल्यात काय आहे ते कुणी बघत नाही. कुणी बशी पुढे केली की नुसतं "डांके" म्हणायचं. म्हणजे धन्यवाद, पण खाणं पुढे केल्यावर त्याचा अर्थ बहुधा "नको" असा होतो. पहिल्या महिन्यात मी याच "डांके"पायी कॉफीला मुकत होते! आपल्यासारखा आग्रह नाही, पुन्हा विचारत नाहीत. मानापुरता तुकडा घेऊन बशीत तसाच ठेवणं मात्र वाईट. ते त्यांना नकारापेक्षा जास्त लागतं.

निघताना मी म्हटलं, "एक तुकडा द्याल? मी खाणार नाही, पण आमच्या घरमालकीणआजींना देईन." तर बाईंनी दोघांना पुरेल एवढा कापला. आणि माझ्यासाठी वाडगाभर ताज्या चेरी वेगळ्या आणल्या होत्या, न सांगता. तुझी आठवण आली, पटकन चहा करायला उठले. साबुदाणा म्हणशील तर इथल्या दुकानात साबुदाणा म्हणून जे मिळतं ते बटाट्याच्या पिठाचं निघालं, त्याची खिचडी नाही, खळ झाली. रताळ्यावर भागवलं.

गच्चीच्या गळतीसाठी 40 हजार पाठवलेत. बाबांना म्हणावं, गवंड्याला सगळे एकदम देऊ नका. गणपतीला येणं यंदाही जमत नाही, तिकिटं परवडली तरी रजा नाही. तू चिडशील म्हणून हे फोनवर बोलले नाही.

आणि ते सांगलीचं स्थळ. मुलगा चांगला असेल, फोटोही पाहिला. पण त्यांनी चहापोह्यांची तयारी करायच्या आधीच मावशीकरवी नाही कळव. पोट बिघडल्याचं कारण सांगू नकोस, मला सध्या लग्न करायचं नाही एवढंच सांग. मी आधीच बोलायला हवं होतं.

बाबांना सा. न., चिंटूला आशीर्वाद.

तुझी,
ताई