निखू, तो नंबर म्हणजे सही असते

प्रिय निखू,

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "हो आई, हो आई" करत फोन ठेवतोस, म्हणून लिहितेय. लांबलंय जरा, जेवताना वाच. आधीच सांगते, पैशांबद्दल बोलणार नाहीये. गेले ते गेले. मला चिऊकडून कळलं, तेवढं लागलं. तिच्यावर चिडू नकोस, तुझा आवाज असा का येतोय म्हणून मी तिला तीनदा खोदून विचारलं तेव्हा बोलली बिचारी.

तिने सांगितलं ते मी कागदावर मांडलं, बँकेत संध्याकाळी फरक आला की मांडायचो तसं. शुक्रवारी रात्री तू त्या परत केलेल्या मिक्सरच्या २,१९९ रुपयांसाठी गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधलास आणि वरती दिसला तो लावलास. माणूस गोड बोलला, ऑर्डर कुठली, कधीची, सगळं तुझ्याकडूनच काढून घेतलं आणि पाच मिनिटांनी तेच तुला ऐकवलं, म्हणून तुला तो खरा वाटला. मग रिफंड कुठल्या कार्डावर सोडायचा म्हणत कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे. मग "व्हेरिफिकेशनसाठी ओटीपी येईल तो सांगा". २४,५००. मग म्हणाला पहिला एक्स्पायर झाला, नवीन येतोय. परत २४,५००.

मेसेज पूर्ण वाचला होतास का रे? त्यात रक्कम असते, बहुतेक वेळा दुकानाचं नावही असतं, आणि कोणाला सांगू नका हे तर असतंच. चिऊ म्हणाली की फोन कानाला होता आणि वरच्या पट्टीत नुसते सहा आकडे दिसले. खरंय, तसंच होतं. त्यांना तेच हवं असतं, म्हणून तर ते फोन ठेवू देत नाहीत.

तुला आठवतंय का, शाळा सुटली की तू बँकेत माझ्या काउंटरखाली येऊन बसायचास आणि 'रोख मिळाली'चा शिक्का दंडावर मारून घ्यायचास. तिथे बसून तू रोज बघितलंयस की दुसऱ्याच्या खात्यात पैसे भरायला कोणीही यायचं. मुलगा यायचा, दुकानातला गडी यायचा, भरणा स्लिप द्यायचे, पैसे मोजून द्यायचे, झालं. खातेदाराची सही मी कधी मागितली नाही, कारण पैसे येताना मालकाला विचारायची गरजच काय. विड्रॉलला मात्र सही, आणि ती मी नमुना सहीशी ताडून बघायचे, देशमुख सरांची असली तरी. ओटीपी म्हणजे ती विड्रॉलवरची सही आहे, दुसरं काही नाही. रिफंड हा भरणा आहे. दुकानदाराकडे मूळ व्यवहाराचा नंबर असतो, त्यावरूनच तो पैसे उलटे पाठवतो आणि ते ज्या कार्डातून गेले तिथेच परत येतात, तुझं कार्ड कुठलं हेसुद्धा त्याला नव्याने विचारावं लागत नाही. तू झोपलेला असलास तरी येतात. तुझे २,१९९ मंगळवारी आपोआप आलेच ना?

आणि ओळख पटवायची म्हणशील तर, तो नंबर बँकेच्याच मशिनने बनवलेला असतो रे. त्या माणसाने तुझं कार्ड कुठल्यातरी दुकानाच्या पानावर टाकलं, २४,५०० लिहिलं, बटण दाबलं. बँकेच्या मशिनला शंका, हा खरंच मालक आहे का? म्हणून तिने मालकाच्या मोबाईलवर नंबर पाठवला. पानावर बसलेल्याने तो टाकला की मशिन समजतं फोन ह्याच्याच हातात आहे, सोडा पैसे. म्हणजे त्या क्षणी साऱ्या जगात एकाच माणसाला तो नंबर विचारून घ्यावा लागतो, जो मालक नाही त्याला. बँकेला कशाला हवा, तिच्याकडे तो आहेच. तुझी खात्री करायची असेल तर तो तू बँकेच्या पानावर किंवा अॅपमध्ये स्वतः टाकतोस आणि मशिन जुळवून बघतं. मध्ये ऐकणारा माणूस लागत नाही. कोणी तोंडी मागितला की तिथेच समजायचं.

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. तू इंजिनियर आहेस, मी रिटायर्ड क्लार्क, तुला हे माहितीये. माहिती असून झालं, हेच मला रात्री झोपू देत नाही.

तू म्हणशील गॅसवाल्याला कोड देतो, कॅबवाल्याला देतो, मग सवयच लागलीये. बरोबर आहे. पण तिथे सिलिंडर दारात असतो, गाडी समोर उभी असते, आणि मेसेजमध्ये रुपये गेल्याचं काही नसतं. डिलिव्हरीच्या नावाखालीसुद्धा फसवतात, पार्सल रद्द करायला कोड सांगा म्हणून. वस्तू दिसत नसेल तर कोड नाही.

आता राहवत नाही म्हणून लिहिते, नाही म्हटलं होतं तरी. शुक्रवारी रात्री गेले आणि तू बँकेला सोमवारी कळवलंस. मधल्या शनिवारी ६,२०० आणखी गेले, ओटीपी न येताच, कारण बाहेरच्या देशातल्या काही साइट तो मागतच नाहीत, कार्डाचा नंबर आणि ते तीन आकडे पुरतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात काय होतं सांगू? ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. शुक्रवारी रात्रीच कार्ड ब्लॉक करून कळवलं असतंस तर हे ६,२०० तरी तुझ्या डोक्यावर नसते. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन केला की पुढच्या खात्यात पैसे पडून असले तर अडवता येतात, पण ते तिथून पुढे सरकवायला त्या लोकांना फार वेळ लागत नाही. cybercrime.gov.in वर तक्रार टाकली असशील तर तिचा नंबर मला पाठव, मी इथून पाठपुरावा करते, मला अजून तसली पत्रं लिहिता येतात.

तीन रात्री तू एकटा त्या खोलीत बसलास, हे मला सारखं येतं डोळ्यासमोर. जेवलास का तरी?

तुझ्या बाबांना अजून माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. तू दुसरीत होतास, एका संध्याकाळी माझ्या कॅशमध्ये ५,००० कमी आले. पन्नासच्या नोटांचं एक बंडल मी कोणाला तरी जास्त दिलं होतं. पगारातून भरले आणि आठ दिवस घरात बोलले नाही. तुला गणवेश घ्यायचा होता तो पुढे ढकलला, आणि तू रडलास तर तुलाच ओरडले. तेव्हा जी लाज वाटली होती ती मला ओळखू येते, म्हणून म्हणते, मला फोन करायचास. रात्री दोनला करायचास. मी ओरडले असते, पण आधी कार्ड ब्लॉक करायला लावलं असतं.

बाबांना तूच सांग, मी सांगणार नाही. ते दोन दिवस गप्प राहतील, मग छप्पराचं काम पुढे ढकलू म्हणतील. त्यांना ढकलू दे.

मेथीचे लाडू कुरियरने टाकलेत, गुरुवारपर्यंत येतील. तो पोरगा कोड मागेल, डबा हातात घे आणि मग दे. झाकण सैल आहे, आडवा धरू नकोस. डबा परत आण, चिऊचा आहे.

आई