‘फ्री काउन्सेलिंग’चे पैसे कोण देतं? शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

भाचीला परदेशात पाणी व्यवस्थापनात मास्टर्स करायचं होतं, म्हणून मी तिच्यासोबत परदेशी अॅडमिशन करून देणाऱ्या एका कन्सल्टन्सीत गेलो. नाव लिहित नाही, कारण प्रश्न एकाच दुकानाचा नाहीये. काउन्सेलिंग फ्री होतं, चहापाणी झालं, आणि अर्ध्या तासात सहा युनिव्हर्सिट्यांची यादी हातात आली. भाचीने जर्मनीचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "तिथे जर्मन यावंच लागतं, नका पडू त्यात." घरी येऊन पोरीने डीएएडी या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या वेबसाईटवर शोधलं तर इंग्रजीतून चालणारे कोर्स भरपूर निघाले. नंतर नोकरीसाठी भाषा लागते हे खरं, पण अॅडमिशनला लागतेच असं नाही.

मग जर्मनी यादीत का नाही? तिथल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन फीच नसते, सेमिस्टरचं थोडंफार शुल्क असतं (बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात, असे अपवाद आहेत). आणि कन्सल्टन्सीला युनिव्हर्सिटीकडून मिळणारं कमिशन साधारणपणे पहिल्या वर्षाच्या ट्यूशन फीच्या टक्क्यात ठरतं. फीच नाही तर टक्का कशाचा काढणार?

हिशोब मांडून बघा साहेब. एका युनिव्हर्सिटीची फी 20,000 डॉलर आणि कमिशन 15 टक्के, म्हणजे एजंटला 3,000 डॉलर. दुसरीची फी 14,000 आणि 10 टक्के, म्हणजे 1,400. तिसरीकडे एजंटशी करारच नाही, म्हणजे शून्य. आता टेबलापलीकडचा माणूस मनाने कितीही चांगला असला तरी तोंडातून पहिलं नाव कोणतं निघेल? त्यात काही करारांत स्लॅब असतात, ठराविक मुलं भरली की टक्का वाढतो, म्हणजे सीझनच्या शेवटी आलेल्या मुलाला कुठे ढकलायचं हे त्याचे मार्क नाही, एजंटचं टार्गेट ठरवतं. कमिशन बऱ्याचदा भरलेल्या फीवर मिळतं, म्हणून मोठी स्कॉलरशिप मिळाली तर एजंटचा वाटा कमी होतो, आणि स्कॉलरशिपची डेडलाईन कुणी आठवणीने सांगत नाही त्याचं एक कारण हेही असू शकतं.

कमिशन घेणं म्हणजे चोरी असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेचा कायदा बघा, सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना मुलं भरण्यावर कमिशन द्यायला तिथे बंदी आहे, आणि त्यात सूट आहे ती नेमकी सरकारी मदतीला पात्र नसलेल्या परदेशी मुलांची. स्वतःच्या पोरांसाठी जे धोक्याचं वाटलं ते बाहेरच्या पोरांना चालतं!

फी घेणारे कन्सल्टंट वाईटच असंही नाही. कुणी एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं उद्देशपत्र, नीट वाचून चार तास डोकं लावलं, कागदपत्रं तपासली, मुलाखतीची तयारी करून घेतली, तर ठरलेली एकरकमी फी घ्यावी, मी आनंदाने देईन. पण कमिशनही घेणार आणि मुलाकडूनही पॅकेज घेणार आणि दोन्हीकडून घेतो हे सांगणार नाही, हे कसं चालेल? स्कॉलरशिपमधला हिस्सा मागणं तर सरळ गैर. व्हिसा गॅरंटी म्हणून पैसे मागितले की उठून यावं, कारण व्हिसा त्या देशाचं सरकार देतं, कन्सल्टन्सी नाही.

अजून एक गोष्ट, जी आम्हाला उशिरा कळली. त्यांनी भाचीच्या नावाने नवीन ईमेल काढला, पासवर्ड त्यांच्याकडे, आणि सगळे अर्ज त्यावरून. एका ठिकाणची ऑफर आठ दिवस त्यांच्या इनबॉक्समध्ये पडून होती आणि तोवर दुसरीकडे डिपॉझिट भरा म्हणून आमच्यामागे रोज फोन. आम्ही भरलं नाही, थेट युनिव्हर्सिटीच्या अॅडमिशन ऑफिसला लिहिलं तेव्हा ऑफर झाल्याचं कळलं. एजंट बदलायचा म्हटलं तर अर्ज त्यांच्या पोर्टलवर त्यांच्या नावाने नोंदलेला, मग बदलीसाठी पत्रव्यवहार आला.

मी मोठा कायदा मागत नाही. एक पानाचा फॉर्म सक्तीचा करा. पैसे घेण्याआधी सही करून द्यायचा. त्यात यादीतल्या प्रत्येक युनिव्हर्सिटीसमोर कमिशन मिळतं की नाही आणि किती टक्के हे लिहायचं. मुलाकडून काय फी, कशासाठी, अर्ज नाकारला तर किती परत, हेही. आणि अर्जाचा ईमेल-पासवर्ड मुलाकडेच राहणार ही ओळ. मधे सब-एजंट असेल, म्हणजे छोटं ऑफिस मोठ्या एजंटमार्फत अर्ज पाठवत असेल, तर त्याचंही नाव यावं, कारण तिथे कमिशन दोघांत वाटलं जातं आणि तक्रार कुणाकडे करायची हेच समजत नाही.

कन्सल्टन्सीवाले म्हणतील की टक्का हा आमचा गोपनीय करार आहे. निदान ‘मिळतं’ किंवा ‘मिळत नाही’ एवढं तरी लिहायला सांगा, भाचीच्या त्या सहा नावांपुढे काय लिहिलं असतं ते मला बघायचं होतं.

आपला,
एक पालक