उद्योगमंत्र्यांना खुले पत्र: बिल फेडायचे दिवस गेटवरच्या शिक्क्यापासून मोजा

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

मी आयटीआय झालेला टर्नर. अकरा वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर काम केलं, मग भोसरीत भाड्याच्या गाळ्यात जुनं व्हीएमसी मशीन टाकलं. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कंपनीचे आणि त्यांचं मशीनिंग माझं. काम भरपूर होतं, रिजेक्शन नगण्य होतं, तरी पहिल्याच वर्षी गाळा बंद करायची वेळ आली.

हिशोब सांगतो. महिन्याचं बिल २ लाख. हप्ता, भाडं, वीज, दोन ऑपरेटर, इन्सर्ट, कूलंट मिळून खर्च १ लाख ६० हजार. एप्रिलच्या कामाचं बिल महिनाअखेरीस, पैसे ९० दिवसांनी, म्हणजे जुलैअखेर. तोवर चार महिन्यांचे ६ लाख ४० हजार मी घातलेले. शिवाय खरेदीवरच्या कराचं क्रेडिट वजा जाता महिन्याला तीसेक हजार जीएसटी. बिल निघालं की पुढच्या महिन्यात तो भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. तीन महिन्यांचा तो धरून एकूण ७ लाख ३० हजार अडकले. पैसे ४५ दिवसांत आले असते, तर ४ लाख ३० हजारांत भागलं असतं. मधल्या तीन लाखांसाठी घरातले दागिने गहाण पडले.

लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात माल स्वीकारल्यापासून पैसे द्यायला ४५ दिवसांची कमाल मुदत आहेच. लेखी करार नसेल तर १५ दिवसच. पण कंपनीत माल गेटवर उतरतो आणि माल आल्याची इनवर्ड नोंद क्वालिटी विभागाने पाहिल्यावर होते. मोजणी तिथून सुरू होते, कधी थेट बिलापासून. कायदा म्हणतो, १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोहोचला तोच दिवस धरायचा. म्हणून मी आता मालासोबतच्या चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो परत आणत नाही.

उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मिळतं, त्यासाठी राज्याची सुलभीकरण परिषद आहे. तिथे मी गेलो नाही. माझं ऐंशी टक्के काम एकाच कंपनीचं आहे. तक्रार केली की पुढचं कास्टिंग शेजारच्या गाळ्यात जातं. आमच्या गल्लीत कुणीच जात नाही.

साहेब, आमच्या तक्रारीची वाट पाहू नका. ४५ दिवसांपुढची थकबाकी असलेल्या कंपन्यांना ती दर सहामाहीला केंद्राकडे एमएसएमई-१ फॉर्ममध्ये जाहीर करावी लागते. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतल्या अनुदानाचा हप्ता सोडण्याआधी हा फॉर्म आणि पुरवठादारांची चलनं तुमच्या खात्याने मागवावीत. थकबाकी दिसली तर ती फिटेपर्यंत हप्ता थांबवावा. यात कुणाही गाळेवाल्याला तक्रारदार म्हणून पुढे यावं लागत नाही.

आणि आयटीआयच्या शेवटच्या वर्षी मुलांना एक गोष्ट सांगायची सोय करा: लघुउद्योग म्हणून करायची उद्यम नोंदणी फुकट होते, ती पहिल्या चलनाआधी करायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार, नोंदणीआधी दिलेल्या मालाला हे संरक्षण मागाहून लागू होत नाही. माझी नोंदणी पाच महिने उशिरा झाली. त्या पाच महिन्यांच्या बिलांवरचं व्याज मला मागताच येत नाही.

आपला,
भोसरीतला एक गाळेवाला