आयत्या वारुळात नागोबा

माननीय संपादक,

नागपंचमीला आपण वारूळपूजेचा फोटो छापलात, पण त्याखाली ‘नागाने बांधलेले वारूळ’ असे लिहिले होते. नाग काही बांधत नाही. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपलीच ना? वारूळ मुंग्यांचेही नसते, ते वाळवीचे असते.

खानापूर तालुक्यात आमच्या भातशेताच्या बांधावर पुरुषभर उंचीचे वारूळ होते. चार वर्षांपूर्वी जेसीबी लावून आम्ही ते सपाट केले. आत राखाडी-तपकिरी, स्पंजासारखे सुरकुतलेले गोळे निघाले, त्यांवर खसखशीएवढे पांढरे दाणे. ही वाळवीची बुरशीची शेती. वाळलेला पाला, काटक्या, शेण खाऊन कामकरी त्याच विष्ठेचे हे गोळे रचतात. लाकडातला जो कठीण भाग वाळवीला सहज पचत नाही, तो ही बुरशी मऊ करते आणि मग वाळवी ते गोळे खाते.

पावसाळ्यात आपण आवडीने खातो ती वारुळावरची अळंबी याच बुरशीची. अळंबी हळूच उपटली तर देठाला लांब शेपूट येते, ते खालच्या गोळ्यापर्यंत गेलेले असते. म्हणून वाळवी जिवंत असेल तरच अळंबी.

वारुळासाठी वाळवी खोलवरची चिकणमाती लाळेने कालवून वर आणते. त्या मातीत चुन्याचा अंश जास्त असतो आणि भोवतालच्या बोगद्यांतून पावसाचे पाणी खाली मुरते. आमच्या वारुळावर करवंदीची जाळी होती, शेजारच्या मुरमाड बांधावर मात्र नुसते गवत. वसाहत मेली की पोकळीत नाग, घोरपड राहायला येतात. भीमगडच्या जंगलातले अस्वल तर जिवंत वारूळच उकरते. अमेरिकेतला बीव्हर ओढा अडवून तळे करतो आणि बेडूक, मासे, बदके तिथे येतात. त्याचे काम डोळ्यांना दिसते, वाळवीचे बरेचसे जमिनीखाली राहते, इतकाच फरक.

वाळवी निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. पाऊस ओढला तर ती उसाच्या कांड्याही पोखरते, घराचे वासे तर विचारूच नका. पण बांधावरचे वारूळ काढून हा त्रास जाईलच असे नाही. राणी जमिनीलगतच्या कठीण मातीच्या कोठडीत असते, वरचा ढिगारा उडवला तरी ती वाचू शकते.

आमची वाचली नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या जागी अळंबीऐवजी बोटांसारखी काळी बुरशी उगवली. मेलेल्या वसाहतीच्या गोळ्यांवर ती येते.

चुलतभावाच्या बांधावर आणखी एक वारूळ आहे. तेही पाडायचे ठरले आहे. परवा संध्याकाळी मी त्याचे टोक बोटभर फोडून ठेवले. सकाळी पाहतो तर भोक ओल्या मातीने लिंपलेले.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. खानापूर, जि. बेळगाव