‘एचआयव्ही’ आणि ‘एड्स’ एक नव्हेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात गेल्या आठवड्यात ‘एड्सची तपासणी’ असा मथळा होता. तपासणी एचआयव्ही या विषाणूची होते. लागण आणि एड्स यांच्यात उपचार न घेतल्यास साधारण आठ-दहा वर्षांचं अंतर असतं, आणि आमच्या भागातली माणसं फसतात ती याच अंतरात. निपाणीजवळ प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात माझी सारी नोकरी सरली, म्हणून लिहितो.

२०१२ साली एक ट्रकचालक आला. रक्तातल्या सीडी-फोर पेशी ४८०. निरोगी माणसात हा आकडा रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ५०० ते १५०० असतो. काही वर्षांपूर्वी आठवडाभर ताप, घसादुखी, अंगावर पुरळ आल्याचं त्याला आठवत होतं. लागणीनंतर दोन-चार आठवड्यांत असा ताप पुष्कळांना येतो आणि आपोआप जातो. विषाणू मात्र जात नाही.

सीडी-फोर म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या मदतनीस टी-पेशी. त्या स्वतः जंतू मारत नाहीत. ऊसतोडीच्या टोळीतला मुकादम आठवा. कोयता दुसऱ्यांच्या हातात, पण कुठल्या फडात शिरायचं हे तो सांगतो. विषाणू नेमका याच पेशीत शिरतो, तिच्याच यंत्रणेवर आपल्या प्रती काढून घेतो आणि पेशी मरते. शेजारच्या, ज्यांत विषाणू नीट रुजलेलाही नाही अशा पेशीही मोठ्या संख्येनं मरतात. शरीर रोज नव्या तयार करतं, पण भरपाई पुरी पडत नाही. वर्षाला साधारण ५० ते ८० नं आकडा उतरत जातो, आणि माणूस ओझी उचलत हिंडत असतो.

तेव्हाच्या नियमानं आकडा ३५० च्या खाली गेल्याशिवाय सहसा गोळ्या सुरू होत नसत. त्याला सहा महिन्यांनी यायला सांगितलं. ‘मला काय झालंय?’ म्हणत तो चार वर्षं फिरकला नाही. आला तेव्हा खोकला, रात्रीचा घाम, वजन उतरलेलं. सीडी-फोर १७०, आणि थुंकीत क्षयाचे जंतू. क्षयाचे जंतू फुफ्फुसातल्या भक्षक पेशींनी गिळलेले असतात, पण त्यांना मारायला मदतनीस पेशींचा इशारा लागतो. इशारा देणारेच उरले नाहीत की दबलेला क्षय उठतो. (क्षय आकडा चांगला असतानाही होऊ शकतो, हे खरं.) २०० च्या खाली गेलं की त्याला एड्स म्हणतात.

आधी क्षयाची औषधं, मग दोन आठवड्यांनी एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या गोळ्या. दोन वर्षांत आकडा ४१० वर आला. अजून तो ट्रक चालवतो.

२०१७ पासून आकडा न पाहता निदान होताच गोळ्या सुरू होतात. त्यामुळे मथळ्यात ‘एचआयव्ही’ छापावं, एवढी विनंती. ‘एड्स’ वाचून धडधाकट माणूस तपासणीला येत नाही. तो स्वतःला त्यात धरतच नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, निपाणी