तक्रार पत्र : पेन्शनच्या एकरकमी रकमेवर चुकीची करआकारणी

दिनांक : 20 ऑक्टोबर 2025

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
विवरणपत्र सेवा विभाग

महोदय / महोदया,

शुल्क भरून मी आपल्या कंपनीकडून आर्थिक वर्ष 2024-25 चे प्राप्तिकर विवरणपत्र भरून घेतले. त्यात माझी पेन्शन आणि पेन्शन विकून मिळालेली रक्कम, दोन्ही चुकीच्या पद्धतीने दाखवली आहेत. त्यामुळे मुळात शून्य असलेला कर 54,500 रुपये झाला. तो मी तुमच्या प्रतिनिधीच्या सांगण्यावरून भरलाही आहे.

मार्च 2024 अखेरीस मी खासगी कंपनीतून निवृत्त झालो. पूर्ण पेन्शन महिना 30,000 रुपये ठरली होती. त्यातला 40 टक्के हिस्सा मी विकला. त्यापोटी एप्रिलमध्ये 12 लाख रुपये एकरकमी मिळाले आणि तेव्हापासून उरलेली पेन्शन महिना 18,000 रुपये येते. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटीही मिळाली होती. त्या आर्थिक वर्षात दुसरे उत्पन्न नव्हते.

सरकारी कर्मचाऱ्याने पेन्शन विकली तर ती सगळी रक्कम करमुक्त असते. माझ्यासारख्या खासगी नोकरदाराला कलम 10(10A) खाली मर्यादित सूट आहे. ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर एक तृतीयांश, नसेल तर निम्मी. पण हा एक तृतीयांश हातात आलेल्या रकमेचा नसतो. पूर्ण पेन्शन विकली असती तर जी रक्कम मिळाली असती, तिचा तो एक तृतीयांश असतो. सगळी तक्रार या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

40 टक्के पेन्शनचे 12 लाख, म्हणजे संपूर्ण पेन्शनचे 30 लाख. त्याचा एक तृतीयांश 10 लाख रुपये करमुक्त. मिळालेल्या 12 लाखांपैकी कर लागू होतो तो फक्त 2 लाखांवर. माझ्या पूर्वीच्या कंपनीने फॉर्म 16 मध्ये हाच हिशेब केला आहे. तुमच्याकडे मात्र 12 लाखांचाच एक तृतीयांश काढून 4 लाखांची सूट दिली गेली आणि 8 लाख करपात्र ठरवले. फॉर्म 16 तुमच्या हातात असताना तो आकडा कोणी आणि कशाच्या आधारे बदलला, हे मला समजलेच पाहिजे.

दुसरी चूक मासिक पेन्शनची. मालकाकडून येणारी पेन्शन पगाराच्या सदरात जाते आणि नव्या करप्रणालीत तिच्यावर 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. विमा कंपनीकडून विकत घेतलेल्या वर्षासनाचे उत्पन्न 'इतर स्रोत' या सदरात येते आणि त्यावर ही वजावट नसते. तुम्ही माझी पेन्शन वर्षासन समजून इतर स्रोतांत टाकली. विकलेल्या पेन्शनचा करपात्र भागही तिथेच नेला. म्हणून वजावट पूर्णच गेली.

योग्य हिशेब असा. वर्षभराची पेन्शन 2,16,000 आणि एकरकमी रकमेतले 2,00,000, मिळून 4,16,000. वजावट जाता 3,41,000. 2024-25 साठी नव्या प्रणालीत 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87A ची सवलत असल्याने कर शून्य. तुमच्या विवरणपत्रात हेच उत्पन्न 10,16,000 दिसते.

फोनवर मला सांगण्यात आले की "एकरकमी पैसे आले की कर लागतोच, महिन्याला घेतले असते तर बरे झाले असते." कर भरणाऱ्याला असे सांगणे गंभीर आहे, कारण वस्तुस्थिती उलटी आहे. दरमहा येणारी पेन्शन दरवर्षी पूर्ण उत्पन्नात धरली जाते. विकलेल्या पेन्शनच्या मोठ्या भागाला मात्र कायद्यानेच सूट दिली आहे. आणि 8 लाख करपात्र आहेत असे तुम्हाला खरोखर वाटत होते, तर जादा रकमेवर कलम 89 ची सवलत मिळू शकते का, त्यासाठी फॉर्म 10E भरायचा का, हे कोणीच का विचारले नाही? निवृत्तीच्या वयात एखाद्याने अशा सल्ल्यावर पुढचे निर्णय घेतले तर त्याचे नुकसान किती वर्षे चालेल, याचा विचार करावा.

कलम 139(5) खाली सुधारित विवरणपत्र 31 डिसेंबर 2025 पर्यंतच भरता येते. म्हणून माझी मागणी अशी की ते तुम्ही विनाशुल्क भरावे आणि भरण्यापूर्वी हिशेबाचा मसुदा मला दाखवावा. पेन्शन व करपात्र 2 लाख पगाराच्या सदरात घ्यावेत, 10 लाखांची सूट दाखवावी आणि 54,500 रुपयांचा परतावा मागावा. मूळ सेवेचे शुल्कही परत करावे. पेन्शन विकलेल्या इतर ग्राहकांची विवरणपत्रेही याच पद्धतीने भरली असतील तर तीही मुदतीच्या आत तपासावीत.

फॉर्म 16, पेन्शन विक्रीचा आदेश, ग्रॅच्युइटीचे पत्र, भरलेल्या विवरणपत्राची प्रत आणि कर भरल्याचे चलन सोबत जोडले आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी सुधारित विवरणपत्र दुसरीकडून भरून घेईन आणि त्याचा खर्च व शुल्क यांसाठी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
एक निवृत्त ग्राहक